बिल होतं, मंजूर करणारं कोणी नव्हतं

आमचं काम माहितीपुस्तिका लिहिण्याचं. यंत्र कसं चालवायचं, कधी थांबवायचं, अडलं तर आधी काय तपासायचं, हे चालवणाऱ्याला कळेल अशा भाषेत उतरवायचं. माणसं दोनच, मी आणि माझी भागीदार. ज्या कंपनीची ही हकिकत आहे, तिच्यासाठी आम्ही एका यंत्राची पूर्ण पुस्तिका केली. पर्चेस ऑर्डर, म्हणजे पीओ, रीतसर हातात होती. पैसे तीन हप्त्यांत मिळायचे होते: काम सुरू होताना ३० टक्के, पहिला मसुदा दिल्यावर ३० आणि अंतिम प्रत दिल्यावर ४०. पहिले दोन हप्ते अगदी वेळेवर आले, त्यामुळे तिसऱ्याची काळजी करावी असं काही वाटलं नाही.

काम अर्ध्यावर असताना कंपनीकडच्या मॅडमनी दोन प्रकरणं वाढवून मागितली. फोनवर बोलणं झालं, आम्ही आकडा सांगितला, त्या म्हणाल्या, "ठीक आहे, करून टाका." ते वाढीव काम मूळ ऑर्डरच्या १२ टक्क्यांच्या घरात जात होतं. मी ते शेवटच्या हप्त्यात मिळवलं आणि ५२ टक्क्यांचं एकच बिल पाठवलं. पीओवर शिल्लक होते ४०. हा फरक तेव्हा मला कागदोपत्री किरकोळ वाटला.

बिल गेलं तो दिवस शून्य धरतो. बिल मिळाल्यापासून ३० दिवसांत पैसे, अशी अट होती. एकतिसाव्या दिवशी मॅडमना आठवणीचा मेल टाकला, अडतिसाव्या दिवशी दुसरा. दोन्हींना उत्तर नाही, आणि मेल परतही आले नाहीत. मी समजलो की त्या कामात असतील. चव्वेचाळिसाव्या दिवशी तिसरा मेल टाकला, तो मिनिटभरात परत आला. खाली बारीक अक्षरांत `550 5.1.1` असा आकडा होता, म्हणजे या पत्त्याची पेटीच आता अस्तित्वात नाही. आधीचे दोन मेल पोहोचले होते, पण वाचायला कोणी नव्हतं. माणूस गेल्यावर कंपन्या त्याची मेलपेटी काही आठवडे तशीच उघडी ठेवतात. बाहेरून पाठवणाऱ्याला ती शांतता नेहमीच्या दिरंगाईसारखीच दिसते. दुसऱ्या मेललाच मी फोन उचलला असता, तर निदान आठवडा वाचला असता.

दुसऱ्या दिवशी फोन केला. मॅडम नोकरी सोडून गेल्याला महिना होऊन गेला होता. "त्यांचं काम आता कोण बघतं?" यावर विभागातला मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, खरं सांगू का, सध्या कोणीच नाही." अकाउंट्सला विचारलं तर "अप्रूव्हल आलं की लगेच पेमेंट". पर्चेसला विचारलं तर "आमचं काम ऑर्डर काढण्यापर्यंत, अप्रूव्हल विभागाचं". विभागाला पुन्हा विचारलं तर "अकाउंट्सला विचारा ना". या तिघांत माझी आठ-दहा दिवस टोलवाटोलवी झाली. मजा म्हणजे यातलं कोणीही खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकाला आपापला तुकडा माहीत होता आणि मधला तुकडा कोणाच्याच नावावर नव्हता.

याच काळात मी एक घोडचूक केली. पन्नासाव्या दिवशी वाटलं, जुनं बिल गेलेल्या बाईंच्या नावाने अडकलंय तर नवीन पाठवूया, म्हणजे ताज्या रांगेत लागेल. जुन्याच क्रमांकापुढे "अ" लावून तेच बिल पुन्हा पाठवलं. अकाउंट्सच्या सिस्टीमने तीच रक्कम, तोच पीओ आणि तोच पुरवठादार पाहून ते दुबार म्हणून अडवलं. आता त्यांच्या पडद्यावर माझी दोन बिलं दिसत होती आणि त्यांना आधी खरं कोणतं ते ठरवायचं होतं. चार दिवस त्यातच गेले. भरीला हा मेल भागीदाराच्या पत्त्यावरून गेला होता, आणि तो पत्ता त्यांच्याकडे नोंदलेला नव्हता. बँकेचे तपशील बदलून पैसे लाटण्याचे प्रकार असेच सुरू होतात: ओळखीचा माणूस गेलेला, नवा पत्ता, घाई. त्यामुळे त्यांनी नोंदलेल्या नंबरवर फोन करून खात्री केली. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

खरी कलाटणी अठ्ठावन्नाव्या दिवशी मिळाली, आणि ती फक्त प्रश्न बदलल्यामुळे. तोवर मी विचारत होतो, "पैसे कधी?" अकाउंट्समध्ये बसलेल्या माणसाला याचं उत्तर देता येत नाही, कारण ते त्याच्या हातात नसतं. पण त्याच्यासमोर पडदा असतो आणि पडद्यावर काय लिहिलंय ते तो वाचून दाखवू शकतो. मी म्हटलं, "मॅडम, पेमेंटचं विचारत नाही. बिल तुमच्या सिस्टीममध्ये कोणत्या तारखेला नोंदलं गेलंय, आत्ता त्याचं स्टेटस काय आहे आणि ते कोणाच्या नावावर पडून आहे, एवढं बघून सांगता का?"

थोडा वेळ कीबोर्डचा आवाज आला. मग त्या वाचायला लागल्या. बिल तिसऱ्याच दिवशी नोंदलेलं होतं. मंजुरीसाठी नोकरी सोडलेल्या मॅडमच्या नावावर गेलेलं. "आणि सर, इथे अजून दोन शेरे आहेत. रिसीट एंट्री नाही. आणि अमाउंट पीओच्या बॅलन्सपेक्षा जास्त आहे."

या दोन वाक्यांनी माझी सगळी समजूत उलटीपालटी केली. तोवर मी धरून चाललो होतो की बाई गेल्या म्हणून बिल अडकलं. पण त्या बाराव्या दिवसापर्यंत तिथेच होत्या. नऊ दिवस बिल त्यांच्यासमोर होतं आणि त्यांनी ते मंजूर केलं नव्हतं. करता येतच नव्हतं. मोठ्या कंपन्यांत बिल एकट्याने पास होत नाही, तीन गोष्टी जुळाव्या लागतात: ऑर्डरमध्ये काय आणि किती ठरलं, प्रत्यक्षात काय मिळालं आणि बिलात काय मागितलंय. काम मिळाल्याची नोंद विभागाने सिस्टीममध्ये करायची असते, वस्तू असो वा सेवा. ती झालीच नव्हती. आणि बिल पीओवरच्या शिलकीपेक्षा मूळ ऑर्डरच्या १२ टक्क्यांइतकं जास्त होतं. म्हणजे मॅडम आजही खुर्चीत असत्या, तरी हे बिल असंच पडून राहिलं असतं. त्या गेल्याने फक्त हे मला सांगायला कोणी उरलं नाही.

आता प्रश्न तीन झाले आणि प्रत्येकाचा माणूस वेगळा. काम मिळालं हे कोण सांगेल? पैसे कोणाच्या खात्यातून जाणार, तो कोण? आणि वाढीव १२ टक्क्यांसाठी ऑर्डर कोण बदलेल?

दुसऱ्यापासून सुरुवात केली, कारण त्याच्याशिवाय बाकी काही हललं नसतं. पीओवर मागणी करणाऱ्याचं नाव असतं आणि त्याच्याजवळच कॉस्ट सेंटरचा, म्हणजे खर्च ज्या खात्यावर पडतो त्याचा, क्रमांकही असतो. मागणी करणारा जातो, कॉस्ट सेंटर राहतं. खर्च कुठेतरी पडायलाच हवा, त्यामुळे त्याला मालक असावाच लागतो, मग तो तात्पुरता का असेना. विभागात "तुमचे प्रमुख कोण?" असं विचारलं तर "अजून ठरायचंय" असं ऐकायला मिळतं. म्हणून मी फायनान्सला असं विचारलं: "या कॉस्ट सेंटरचा महिन्याचा खर्चाचा अहवाल सध्या कोणाला जातो?" उत्तर दोन मिनिटांत आलं. शेजारच्या विभागाचे प्रमुख, अतिरिक्त कार्यभार. विभागातल्या त्या मुलाला हे माहीतच नव्हतं, कारण आदेशाचा कागद त्याच्यापर्यंत आला नव्हता.

आणखी एक गोष्ट इथे कळली. सिस्टीममध्ये एखाद्याच्या नावावर अडकलेलं काम आपोआप वरच्याकडे जाईल अशी सोय बऱ्याच ठिकाणी असते. पण ती चालायची तर वरचा कोण, हे सिस्टीमला ठाऊक असावं लागतं. इथे वरची जागाही रिकामी होती. त्यामुळे बिल बंद झालेल्या लॉगिनच्या पेटीत पडून राहिलं. सिस्टीम सांभाळणारे लोक ते दुसऱ्याच्या नावावर फिरवू शकतात, पण बाहेरच्या पुरवठादाराच्या सांगण्यावरून नाही. आतल्या अधिकारी माणसाने लेखी सांगावं लागतं.

एकसष्टाव्या दिवशी मी नव्या प्रमुखांना मेल लिहिला. मजकूर साधारण असा: आमचं बिल साठ दिवसांपासून थकलं आहे, आपण लक्ष घालून मंजूर करावं, ही विनंती. सोबत बिल. सहा दिवस उत्तर नाही.

मग भागीदाराने मला तोच मेल त्यांच्या जागी बसून वाचायला लावला. ज्या माणसाला मी ओळखत नाही, त्याने मी न पाहिलेल्या कामाचं, ऑर्डरपेक्षा जास्त रकमेचं बिल पाठवलंय आणि माझी सही मागतोय. सही केली आणि उद्या ऑडिटमध्ये विचारलं, तर उत्तर मी द्यायचं. नाही केली तर मला कोणी विचारणार नाही. कोण सही करेल? माझ्या मेलमध्ये थकलेल्या पैशांची तक्रार होती, त्यांची अडचण सुटेल असं काहीच नव्हतं.

दुसऱ्या वेळी मजकूर पूर्ण बदलला. मंजुरी मागितलीच नाही. त्यातला मुख्य भाग असा होता:

"सर, या पुस्तिकेची मूळ ऑर्डर आणि मधे वाढलेलं काम मी वेगळं करतो आहे. वाढीव कामाचं या मेलमध्ये काहीच मागत नाही. मूळ ऑर्डरमधलं शेवटचं ४० टक्के काम मिळालं आहे की नाही, एवढीच खात्री आपल्याकडच्या कोणीतरी करावी. ती सुपरवायझर करू शकतील, कारण प्रती त्यांच्या शॉपमध्ये वापरात आहेत. त्यांचं उत्तर आल्यावरच मी ४० टक्क्यांचं स्वतंत्र बिल देईन."

सोबत एक पान जोडलं. पीओचा क्रमांक आणि ठरलेले तीन हप्ते, आधी मिळालेल्या दोन हप्त्यांच्या तारखा, अंतिम फाइल पाठवल्याचा मेल आणि बिलाच्या सहा दिवस आधी मॅडमचा आलेला दोन ओळींचा मेल: "अंतिम प्रती मिळाल्या. छपाईला देते आहे." हा मेल सोन्यासारखा निघाला. तो नसता तर काम मिळाल्याचं सिद्ध करायला आम्हाला फार वणवण करावी लागली असती. पान एकच ठेवलं, कारण दहा जोडण्या पाहिल्या की माणूस "निवांत बघू" म्हणतो आणि तो निवांतपणा कधी येत नाही.

सुपरवायझर काकांशी मी आधी बोलून घेतलं होतं. ते म्हणाले, "हो, मशीनच्या बाजूलाच टांगलीय की." त्यांनी फोटो पाठवला. पुस्तिकेला वरच्या कोपऱ्यात भोक पाडून सुतळीने लटकवलेली, कव्हरवर तेलकट बोटांचे ठसे आणि खाली आवृत्तीचा क्रमांक स्पष्ट दिसत होता. आम्ही पाठवलेल्या अंतिम फाइलवर होता तोच. सत्तराव्या दिवशी त्यांनी प्रमुखांना एका ओळीत लेखी कळवलं की प्रती मिळाल्या आणि वापरात आहेत.

तरीही प्रमुख घुटमळत होते, आणि कारण मला फोनवर कळलं. बिल आम्ही आर्थिक वर्षाच्या शेवटच्या महिन्यात दिलं होतं. आता नवं वर्ष सुरू झालं होतं. "हा खर्च माझ्या यंदाच्या बजेटवर पडणार," ते म्हणाले, "आणि मी तर हे काम मागितलंही नव्हतं." रास्त होतं. वर्ष बंद करताना विभागांना विचारलं जातं की काम झालंय पण बिल चुकतं झालेलं नाही, असं काही आहे का? असेल तर त्याची तरतूद जुन्या वर्षात करतात. ते सांगायला विभागात कोणी नव्हतं, म्हणून तरतूद झाली नव्हती. मी फायनान्सच्या व्यवस्थापक मॅडमना विचारलं की जुन्या वर्षाची पुस्तकं कायमची बंद झाली आहेत का. झाली नव्हती, दुरुस्तीच्या नोंदींसाठी अजून काही दिवस होते. काम जुन्या वर्षातच मिळालं हे मॅडमच्या त्या दोन ओळींच्या मेलवरच्या तारखेने सिद्ध होत होतं. फायनान्सच्या मॅडमनी तरतूद जुन्या वर्षात घेतो असं प्रमुखांना कळवलं आणि प्रमुखांचा विरोध तिथेच संपला. आम्ही आणखी महिनाभर उशीर केला असता, तर ही वाट बंद झाली असती आणि मग त्यांना बजेट वाढवून मागावं लागलं असतं.

मग पुढचं झटपट झालं. त्र्याहत्तराव्या दिवशी अकाउंट्सच्या सांगण्यावरून दोन्ही जुनी बिलं रद्द केली आणि ४० टक्क्यांचं नवं बिल दिलं. रद्द करण्याआधी एक गोष्ट त्यांच्याकडून मेलवर लिहून घेतली: ३० दिवसांची मुदत नव्याने मोजायची नाही, बिल पुढच्याच पेमेंट रनमध्ये घ्यायचं. हे लिहून घेतलं नसतं तर नव्या बिलाबरोबर घड्याळही नव्याने सुरू झालं असतं आणि त्यात त्यांचा काही दोष नसता. चौऱ्याहत्तराव्या दिवशी काम मिळाल्याची नोंद पडली, शहात्तराव्या दिवशी प्रमुखांनी मंजुरी दिली, त्र्याऐंशीव्या दिवशी पैसे आले.

राहिले १२ टक्के. इथे आमची बाजू लंगडी होती हे आधीच सांगतो. फोनवरचं "करून टाका" सोडलं तर आमच्याकडे कागद नव्हता. गेलेल्या मॅडमना विचारावं का, यावर आमचा बराच वाद झाला. त्या आता दुसरीकडे नोकरीला, जुन्या मालकाच्या कामात त्यांना ओढणं बरं नव्हे, आणि त्यांच्या होकाराला कंपनीच्या दृष्टीने आता काही किंमतही नाही. शेवटी एकच प्रश्न विचारायचा ठरलं, कागदपत्र काही मागायचं नाही. मी लिहिलं: "मॅडम, वाढीव प्रकरणांसाठी ऑर्डर वाढवण्याची मागणी सिस्टीममध्ये टाकली गेली होती का, एवढंच आठवत असेल तर सांगाल?" त्याच संध्याकाळी उत्तर आलं. मागणी टाकली होती, मंजूर होण्याआधी त्या निघाल्या.

पर्चेसने शोधल्यावर ती अर्धवट मागणी खरंच सापडली. तिने पैसे मंजूर झाले नाहीत, पण ही मागणी कंपनीच्या आतूनच, काम चालू असताना उठली होती, हे सिद्ध झालं. पर्चेसवाल्यांना झालेल्या कामाची ऑर्डर मागाहून काढायला आवडत नाही, कारण ऑडिटमध्ये त्यावर हमखास बोट ठेवलं जातं. विभागाला कारण लेखी द्यावं लागतं. नव्या प्रमुखांनी ते दिलं, मात्र एकाच प्रकरणासाठी. दुसरं प्रकरण छापील पुस्तिकेत घेतलंच गेलं नव्हतं, आणि जे वापरलं नाही त्याच्यासाठी सही करणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मॅडमनी ते काम आमच्याकडून करून घेतलं होतं हे खरं. पण वापरात नसलेल्या, ऑर्डर नसलेल्या कामासाठी त्या माणसाशी भांडत बसण्यात मला अर्थ दिसला नाही. वाढीव १२ पैकी ७ टक्के एकशे एकविसाव्या दिवशी मिळाले. उरलेले ५ आम्ही सोडून दिले. भागीदाराला ते अजून पटलेलं नाही. ती म्हणते, निदान लेखी नोटीस तरी द्यायची होती. माझा हिशेब वेगळा होता: त्याच कंपनीकडून पुढच्या यंत्राच्या पुस्तिकेची चौकशी तेव्हा सुरू झाली होती.

ती ऑर्डर पुढे आली. अंतिम फाइल पाठवताना आता आम्ही त्याच मेलमध्ये काम मिळाल्याच्या नोंदीचा क्रमांक मागतो आणि तो हातात आल्याशिवाय बिल काढत नाही. बिल व्यक्तीच्या पत्त्याबरोबर अकाउंट्सच्या सामाईक पत्त्यावरही जातं. आणि "करून टाका" असं कोणी फोनवर म्हटलं, की फोन ठेवल्या ठेवल्या दोन ओळींचा मेल जातो: इतकी प्रकरणं, इतकी रक्कम, ऑर्डर वाढवून मिळाल्यावर सुरू करतो. गेल्या खेपेला असा मेल गेल्यावर तिकडून उत्तर आलं, "थांबा, आधी विचारून सांगतो." ते प्रकरण अजून सुरूच झालेलं नाही.